मागणीपेक्षा वेगवान यंत्रावर एका वेळी किती नग काढावेत: किफायतशीर उत्पादन लॉटचा हिशेब

कारखान्याच्या नियोजन विभागात नव्याने आलेल्या व्यक्तीला बहुधा सर्वांत आधी ईओक्यूचे सूत्र शिकवले जाते, म्हणजे पुरवठादाराकडून एका वेळी किती माल मागवावा याचा हिशेब. पुढे तेच सूत्र आपल्याच यंत्रावर तयार होणाऱ्या भागांनाही लावले जाते, आणि तिथे ते नीट बसत नाही. खरेदीचा माल टेम्पोतून एकदम उतरतो, त्यामुळे त्या दिवशी साठा शून्यापासून थेट पूर्ण ऑर्डरएवढा होतो. यंत्रावरचा माल मात्र दिवसामागून दिवस येत राहतो, आणि तो येत असतानाच जुळणी विभाग त्यातला काही भाग वापरत असतो. त्यामुळे लॉट कितीही मोठा असला तरी साठा त्या आकड्यापर्यंत कधीच पोहोचत नाही. किफायतशीर उत्पादन लॉट, म्हणजे ईपीक्यू, हा सगळा हिशेब या एका फरकावर उभा आहे.

दोन्ही सूत्रे शंभर वर्षांहून जुनी आहेत. अमेरिकेत फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली पहिले सूत्र मांडले आणि १९१८ साली ई. डब्ल्यू. टॅफ्ट यांनी उत्पादनाचा वेग त्यात आणला. सूत्र पाठ करणे सोपे आहे. कोणता आकडा कुठून घ्यायचा आणि सूत्र कुठे लावू नये हे मात्र जमिनीवर उतरूनच समजते. म्हणून खाली एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत नेले आहे. त्यातले आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून निवडले आहेत, परंतु मध्यम आकाराच्या प्लास्टिक मोल्डिंग विभागात ते सहज आढळतील असे आहेत.

उदाहरण असे. एका कारखान्यात मिक्सरची जुळणी होते आणि मिक्सरच्या तळाचे प्लास्टिकचे झाकण त्याच आवारातल्या इंजेक्शन मोल्डिंग मशीनवर तयार होते. जुळणीला रोज ३६० झाकणे लागतात. वर्षातले कामाचे दिवस ३०० आहेत, म्हणून वार्षिक मागणी १,०८,००० झाकणांची होते. मशीन एका पाळीत १,००० चांगली झाकणे देते. वेग मागणीपेक्षा बराच जास्त असल्याने झाकणाचा मोल्ड कायम मशीनवर ठेवणे परवडत नाही. काही दिवस झाकणे काढायची, मग मोल्ड उतरवून दुसऱ्या भागाचा मोल्ड चढवायचा, असे चक्र चालते. प्रश्न इतकाच की मोल्ड एकदा चढवला की किती झाकणे काढून मगच तो उतरवावा.

पायरी १: सेटअपचा खर्च काढणे

मोल्ड बदलताना जो खर्च केवळ त्या बदलामुळे होतो तोच सेटअपचा खर्च. क्रेनने जुना मोल्ड उतरवणे, नवा चढवून क्लॅम्प करणे, पाण्याच्या नळ्या जोडणे, बॅरलमधले आधीचे प्लास्टिक बाहेर काढून टाकणे, तापमान व दाब स्थिर होईपर्यंत निघणारे अर्धवट नग बाजूला करणे आणि शेवटी पहिल्या नगाची तपासणी करून मंजुरी घेणे, एवढी कामे त्यात येतात. आपल्या उदाहरणात सेटर आणि मदतनीस यांची मजुरी ५४० रुपये धरली आहे. बॅरल साफ करताना ५ किलो प्लास्टिक वाया जाते. किलोला १०० रुपये या दराने त्याचे ५०० रुपये होतात. सुरुवातीचे १५ नग नाकारले जातात आणि प्रत्येकातले प्लास्टिक २० रुपयांचे आहे, म्हणून ३०० रुपये. तपासणीचे १०० रुपये. एकूण १,४४० रुपये. वाया गेलेले प्लास्टिक दळून पुन्हा वापरले जात असेल, तर त्याची पूर्ण किंमत न धरता नवीन दाणा आणि दळलेला दाणा यांच्या किमतीतला फरकच धरावा.

इथे एक वाद हमखास होतो. मशीन सेटअपसाठी तीन तास बंद राहिले, तर त्या तीन तासांचा मशीनचा तासदर खर्चात धरायचा का? मशीनवर मोकळा वेळ शिल्लक असेल तर धरू नये, कारण ते तीन तास एरवीही रिकामेच गेले असते आणि त्यांच्यामुळे कंपनीच्या खिशातून एक रुपयाही जास्त गेलेला नाही. मशीन मात्र पूर्ण भरलेले असेल आणि त्या तीन तासांत विकला जाणारा माल निघाला असता, तर बुडालेला नफा धरलाच पाहिजे. लेखा विभागाकडून मिळालेला तासदर डोळे मिटून घातला की सेटअप खर्च फुगतो आणि त्यापाठोपाठ लॉटही फुगतो.

पायरी २: साठवणीचा खर्च काढणे

एक नग वर्षभर पडून राहिला तर त्यामागे किती खर्च येतो, हा दुसरा आकडा. एका झाकणात अडकलेला पैसा, म्हणजे प्लास्टिकचे २० रुपये आणि वीज, मजुरी वगैरे बदलत्या खर्चाचे १० रुपये मिळून ३० रुपये आहे. बँकेच्या कॅश क्रेडिटवरचे व्याज, जागा, हाताळणी आणि ओरखडे पडून खराब होणारे नग हे सगळे मिळून वर्षाला २० टक्के धरले, तर एका नगाचा वार्षिक साठवण खर्च ६ रुपये होतो. नगाची किंमत धरताना विक्रीची किंमत धरू नये, कारण नफा अजून मिळालेला नाही आणि तो साठ्यात अडकलेलाही नाही.

पायरी ३: मागणी आणि उत्पादनाचा वेग एकाच मापात आणणे

सूत्रात मागणी आणि वेग यांचे गुणोत्तर लागते, म्हणून दोन्ही आकडे एकाच मापात असणे आवश्यक आहे. आपल्याकडे रोजची मागणी ३६० आणि रोजचे उत्पादन १,००० आहे, म्हणून गुणोत्तर ०.३६. वार्षिक मागणी आणि रोजचा वेग अशी सरमिसळ केली, तर वर्गमुळाखालची संख्या ऋण होते आणि एक्सेल `#NUM!` दाखवतो. ही चूक लगेच कळते. न कळणारी चूक वेगळी असते. समजा कोणी रोजच्या १,००० नगांना ३६५ ने गुणून वार्षिक क्षमता काढली, पण मागणी मात्र ३०० दिवसांची धरली. आता गुणोत्तर ०.३६ ऐवजी ०.२९६ येते, लॉट सुमारे ८,५८० निघतो, आणि तो आकडा इतका पटण्यासारखा दिसतो की कोणी शंकाही घेत नाही. दोन्ही आकडे कामाच्या दिवसांवरच काढावेत.

वेग ठरवतानाही जपावे लागते. मोल्डच्या कागदावर एका नगाला २४ सेकंद लिहिलेले असतील, तर आठ तासांच्या पाळीत १,२०० नग निघायला हवेत. प्रत्यक्षात जेवणाची सुट्टी, छोटे थांबे आणि नाकारलेले नग वजा जाता १,००० चांगले नग हाती येतात. साठ्यात चांगले नगच जमा होतात, म्हणून सूत्रातही तोच आकडा घालावा, आणि तो उत्पादनाच्या रोजच्या नोंदींवरून घ्यावा.

पायरी ४: साठा खरोखर किती वर जातो ते पाहणे

सूत्राला हात लावण्याआधी भांडारातले बिन कार्ड डोळ्यांसमोर आणावे. लॉट सुरू होताना साठा शून्य आहे असे धरू. पहिल्या दिवशी १,००० झाकणे जमा झाली, ३६० जुळणीला गेली, शिल्लक ६४०. दुसऱ्या दिवशी पुन्हा १,००० जमा, ३६० खर्च, शिल्लक १,२८०. रोज ६४० ची भर पडत नवव्या दिवशी शिल्लक ५,७६० होते. नऊ दिवसांत एकूण ९,००० झाकणे निघालेली असतात, पण त्यांपैकी ३,२४० याच काळात वापरून संपलेली असतात. दहाव्या दिवशी मोल्ड उतरतो आणि कार्डावर ५,४००, मग ५,०४० असा रोज ३६० चा उतार सुरू होतो. सोळा दिवस असे गेले की साठा शून्यावर येतो आणि पंचविसाव्या दिवसाअखेर चक्र पूर्ण होते.

म्हणजे लॉट ९,००० चा असला तरी सर्वोच्च साठा त्याच्या ६४ टक्के, आणि हे ६४ टक्के म्हणजे एक वजा ०.३६. सरासरी साठा सर्वोच्च साठ्याच्या निम्मा, म्हणजे २,८८०. सामान्य सूत्र मात्र सरासरी साठा लॉटच्या निम्मा, म्हणजे ४,५०० आहे असे मानते. दोन सूत्रांत एवढाच फरक आहे.

```
ईओक्यू = √( २ × वार्षिक मागणी × सेटअप खर्च ÷ साठवण खर्च )

ईपीक्यू = √( २ × वार्षिक मागणी × सेटअप खर्च
            ÷ [ साठवण खर्च × (१ − रोजची मागणी ÷ रोजचे उत्पादन) ] )
```

पायरी ५: आकडे घालणे

एक्सेलमध्ये आपल्या उदाहरणाची दोन सूत्रे अशी लिहावीत.

```
=SQRT(2*108000*1440/6)
=SQRT(2*108000*1440/(6*(1-360/1000)))
```

पहिल्याचे उत्तर ७,२०० आणि दुसऱ्याचे ९,००० येते. ०.६४ चे वर्गमूळ ०.८ असल्यामुळे ७,२०० ला ०.८ ने भागले तरी ९,०००च मिळतात. साठा कमी साचत असल्याने साठवण स्वस्त पडते, आणि साठवण स्वस्त पडली की मोठा लॉट काढून सेटअप कमी करणे फायद्याचे ठरते. म्हणून या सूत्राने काढलेला उत्पादनाचा लॉट खरेदीच्या प्रमाणापेक्षा नेहमी मोठाच निघतो.

उत्तर बरोबर आहे का, हे तपासण्याची एक सोपी खूण आहे. किफायतशीर लॉटवर वर्षाचा सेटअप खर्च आणि वर्षाचा साठवण खर्च समान यायला हवेत. ९,००० च्या लॉटने वर्षात १२ सेटअप होतात, त्यांचे १७,२८० रुपये. सरासरी २,८८० नगांचा ६ रुपयांप्रमाणे साठवण खर्च, तोही १७,२८० रुपये. एकूण ३४,५६० रुपये. हे दोन आकडे जुळले नाहीत, तर सूत्र भरताना कुठेतरी कंस चुकला आहे असे समजावे.

चुकीचे सूत्र वापरले तर नेमके काय बिघडते

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बहुतेक ठिकाणी दिले जात नाही, म्हणून इथे जरा थांबू. समजा नियोजकाने ईओक्यू वापरून ७,२०० चाच लॉट चालवला. सेटअप १५ होतील, त्यांचे २१,६०० रुपये. सर्वोच्च साठा ७,२०० च्या ६४ टक्के, म्हणजे ४,६०८, सरासरी २,३०४, आणि साठवण खर्च १३,८२४ रुपये. एकूण ३५,४२४. योग्य लॉटपेक्षा वर्षाला फक्त ८६४ रुपये, म्हणजे अडीच टक्के जास्त. या सूत्रांचा स्वभावच असा आहे की किफायतशीर आकड्याच्या आजूबाजूला खर्चाची रेषा जवळपास सपाट असते. लॉट थोडा इकडेतिकडे झाला म्हणून कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही.

बिघडतात त्या दुसऱ्या गोष्टी. सामान्य सूत्र मानणारा नियोजक अर्थसंकल्पात साठवण आणि सेटअप मिळून ४३,२०० रुपये लिहील, आणि प्रत्यक्षातला खर्च त्याच्याशी कधीच जुळणार नाही. तो जागाही चुकीची मागेल. एका क्रेटमध्ये ६० झाकणे बसतात असे धरले, तर ७,२०० नगांसाठी तो १२० क्रेटची जागा राखून ठेवील, जेव्हा त्याच लॉटला प्रत्यक्षात ७७ क्रेट पुरतात. उलट, ९,००० चा लॉट सुचवला की भांडारप्रमुख १५० क्रेट ठेवायला जागा नाही म्हणून नकार देईल, आणि त्या लॉटला लागणारी खरी जागा ९६ क्रेटची आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. लॉटचा आकडा आणि सर्वोच्च साठ्याचा आकडा हे दोन्ही नियोजनपत्रकात शेजारी शेजारी लिहिण्याची सवय लावून घ्यावी. अर्धे वाद तिथेच मिटतात.

अडीच टक्क्यांचा फरक नेहमीच इतका लहान राहत नाही. मागणी आणि वेग एकमेकांच्या जवळ आले की चित्र बदलते. समजा भाग जाड भिंतीचा आहे, साच्यात थंड व्हायला वेळ घेतो आणि मशीन रोज केवळ ४०० चांगले नग देते. बाकी सगळे आकडे तेच. आता गुणोत्तर ०.९ झाले आणि साठ्यात रोज फक्त ४० नगांची भर पडते. किफायतशीर लॉट सुमारे २२,७७० नगांचा निघतो आणि वर्षाचा खर्च साधारण १३,६६० रुपये येतो. इथे जर कोणी ७,२०० चाच लॉट चालवला, तर खर्च २३,७६० रुपयांवर जातो, म्हणजे जवळजवळ पाऊणपट जास्त, आणि तो सगळा विनाकारण केलेल्या सेटअपचा असतो. याउलट मशीन मागणीच्या दहापट वेगाने चालत असेल तर दोन उत्तरांत पाच-सहा टक्क्यांचाच फरक पडतो आणि साधे सूत्र पुरते. वेग मागणीएवढा किंवा त्याहून कमी असेल तर लॉटचा प्रश्नच उरत नाही. मोल्ड मशीनवरच राहतो आणि चर्चा दुसऱ्या पाळीची करावी लागते.

सूत्र लावण्याआधी विचारायचा प्रश्न

वरचा सगळा हिशेब एका गृहीतकावर चालतो: मशीनमधून निघालेला नग त्याच दिवशी, लॉट पूर्ण होण्याची वाट न पाहता, वापरायला मिळतो. आपल्या झाकणाच्या बाबतीत ते खरे आहे, कारण जुळणी त्याच आवारात आहे. पण समजा झाकणांना बाहेरच्या जॉबवर्कवाल्याकडून रंग लावून घ्यायचा आहे आणि तो पूर्ण लॉट एकदमच घेतो व एकदमच परत करतो. किंवा गुणवत्ता विभागाचा नियम असा आहे की पूर्ण लॉटचे नमुने तपासल्याशिवाय एकही नग सोडायचा नाही. मग नऊ दिवस झाकणे मशीनशेजारी साचत राहतात आणि त्या काळात जुळणी मागच्या लॉटमधून खात असते. पैसा दोन्हीकडे अडकतो: वापरात असलेल्या जुन्या साठ्यात, आणि साचणाऱ्या पण हात न लावता येणाऱ्या नव्या साठ्यातही.

या परिस्थितीत सरासरी साठा लॉटच्या निम्म्यापेक्षा कमी न राहता जास्त होतो. वापरातल्या साठ्याची सरासरी लॉटच्या निम्मी. त्याशिवाय, ज्या काळात मशीन हा भाग काढत असते, म्हणजे एकूण काळाच्या ३६ टक्के, त्या काळात साचणाऱ्या ढिगाची सरासरीही लॉटच्या निम्मी. दोन्ही मिळवले की सूत्रातल्या वजाच्या जागी अधिक येतो, म्हणजे एक वजा ०.३६ ऐवजी एक अधिक ०.३६ (रंगकामाला लागणारे दिवस लॉट कितीही असला तरी तेवढेच राहत असतील, तर त्यांचा या हिशेबावर परिणाम होत नाही). ७,२०० ला १.३६ च्या वर्गमुळाने भागले की सुमारे ६,१७४ नगांचा लॉट येतो. त्याच मशीनवरचा, त्याच मागणीचा, त्याच खर्चाचा भाग; फक्त माल सोडण्याची पद्धत बदलली आणि उत्तर ९,००० वरून ६,१७४ वर आले, ईओक्यूच्याही खाली. जागाही आता पूर्ण लॉटची लागते, कारण लॉट संपताना सगळा ढीग तसाच उभा असतो. माझ्या मते पाठ्यपुस्तकी सूत्र सर्वांत जास्त चुकीचे लावले जाते ते इथे, कारण कागदावर भाग आपल्याच यंत्रावर बनतो आणि वेग मागणीपेक्षा जास्त आहे या दोन अटी पूर्ण झालेल्या दिसतात आणि तिसरी अट कोणी विचारतच नाही.

उपाय करता येतो. लॉट तोडून रोजचे १,००० नग रोज रंगकामाला पाठवता आले, किंवा तपासणी रोजच्या उत्पादनाची रोज झाली, तर परिस्थिती पुन्हा ईपीक्यूच्या सूत्राजवळ येते. त्यासाठी वाढणारा वाहतुकीचा खर्च मात्र वेगळा मांडून मगच निर्णय घ्यावा.

बिन कार्डावरून चूक ओळखणे

लॉट चालू झाल्यावर सूत्रातले आकडे खरे होते की नाही हे बिन कार्ड सांगते, फक्त शिल्लक रोज पाहिली पाहिजे. मशीन चालू असताना शिल्लक रोज ६४० ने वाढायला हवी आणि मोल्ड उतरल्यावर रोज ३६० ने घटायला हवी. वाढ ५४० नेच होत असेल आणि उतार ३६० चाच असेल, तर मागणी बरोबर आहे आणि मशीन रोज १,००० ऐवजी ९०० च चांगले नग देत आहे. तेव्हा नाकारलेल्या नगांची आणि थांब्यांची नोंद पाहावी. या वेगाने ९,००० नग काढायला नऊऐवजी दहा दिवस लागतील आणि सर्वोच्च साठा ५,४०० वरच थांबेल. वाढ कमी आणि उतार मात्र जास्त, असे दिसले तर मागणीच वाढली आहे. पहिल्या दिवसांत वाढ जवळपास शून्य राहून नंतर एकदम मोठी नोंद होत असेल, तर माल रोज सोडला जात नाही आणि आपण चुकीच्या सूत्रावर काम करत आहोत.

सुरक्षित साठा ठेवला असेल तर तो या हिशेबात मिसळू नये. तो वेगळा ठरवावा आणि कार्डावरची सगळी रेषा तेवढ्याने वर सरकली असे समजावे. मोल्ड पुन्हा कधी चढवायचा याचा हिशेब तर सोपाच आहे: मशीन रिकामे होऊन सेटअप पूर्ण होईपर्यंत जेवढे दिवस लागतात तेवढ्या दिवसांची मागणी शिल्लक असताना तयारी सुरू करावी. दोन दिवस लागत असतील तर सुरक्षित साठ्याच्या वर ७२० नग उरलेले असताना.

एकाच मशीनवर दुसरा भाग आला की

सूत्र एका भागाचा विचार करते, मशीन मात्र क्वचितच एका भागाचे असते. आपल्या मशीनवर मिक्सरच्या भांड्याचा दांडाही निघतो असे समजा, आणि त्याचा स्वतंत्र हिशेब केल्यावर १४ दिवसांचे चक्र आले, ज्यात ७ दिवस मशीन लागते. झाकण मशीनचा ३६ टक्के वेळ घेते, दांडा ५० टक्के. एकूण ८६ टक्के, म्हणजे क्षमता पुरेशी दिसते. तरीही ही दोन चक्रे एकत्र चालत नाहीत. दांड्याचा मोल्ड उतरल्यावर त्याचा साठा ७ दिवस पुरतो, आणि झाकणाच्या लॉटला मशीन ९ दिवस लागते. आठव्या दिवशी दांडे संपतात आणि मशीनवर मात्र अजून झाकणेच चालू असतात. कोणाचेही गणित चुकलेले नसताना जुळणी थांबते.

यावर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दोन्ही भागांना एकच समान चक्र देणे आणि प्रत्येक चक्रात प्रत्येक भाग एकदाच काढणे. चक्र २० दिवसांचे ठरवले, तर झाकणाला ७.२ दिवस आणि दांड्याला १० दिवस लागतात, आणि उरलेले २.८ दिवस दोन मोल्ड बदलण्यासाठी व देखभालीसाठी मिळतात. दांड्याचा साठा १० दिवस पुरतो, झाकणाचा १२.८ दिवस, त्यामुळे कोणीच कोणाच्या आड येत नाही. झाकणाचा लॉट आता २० दिवसांचा, म्हणजे ७,२०० नगांचा झाला. तो किफायतशीर ९,००० पासून दूर आहे, पण त्याची किंमत आपण वर काढलेलीच आहे: वर्षाला ८६४ रुपये. दांड्याचा लॉट १४ ऐवजी २० दिवसांचा झाल्याने त्याचा खर्च सुमारे साडेसहा टक्क्यांनी वाढेल. जुळणी एक दिवस बंद राहण्याच्या तुलनेत हे दोन्ही आकडे किरकोळ आहेत.

चक्र ठरवण्याचा क्रम म्हणूनच असा ठेवावा की आधी प्रत्येक भागाचा स्वतंत्र लॉट आणि त्याचे चक्र किती दिवसांचे ते काढावे, मग सर्व भागांच्या गुणोत्तरांची बेरीज एकापेक्षा पुरेशी कमी आहे ना ते पाहावे, आणि त्यानंतर एखाद्या भागाचा मोल्ड मशीनवर नसण्याचा काळ हा बाकीच्या भागांच्या लॉटना आणि त्यांच्या सेटअपना पुरतो का, हे एकेका भागासाठी तपासावे. न पुरल्यास समान चक्राकडे वळावे, आणि त्या चक्राची लांबी स्वतंत्र चक्रांच्या दरम्यान कुठेतरी, पण सेटअपना वेळ उरेल इतकी मोठी ठेवावी. मागणी, चांगल्या नगांचा रोजचा आकडा किंवा सेटअपचा खर्च यांपैकी काही ठळकपणे बदलले, की हा क्रम पुन्हा पहिल्या पायरीपासून करावा.